जर्मन प्रोफेसरला समर रिसर्च इंटर्नशिपसाठी पहिला मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जर्मनीत मेकॅनिकलमध्ये पीएचडी करतोय. आमच्या प्रोफेसरांना भारतातून इंटर्नशिपसाठी जे मेल येतात ते बऱ्याचदा ते आमच्याकडे फॉरवर्ड करतात, वर एक ओळ लिहून, की बघ हा तुझ्या कामात कुठे बसतो का. म्हणजे तुमचा मेल शेवटी माझ्यासारखाच कोणीतरी वाचतो. दुसरीकडे पुणे, सांगली, नाशिकची ज्युनियर मंडळी पाठवायच्या आधी मेल तपासायला देतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय. उदाहरणं मेकॅनिकलची आणि जर्मनीची आहेत कारण मला तेच नीट माहितीये.

ओळख ना पाळख, डायरेक्ट प्रोफेसरला मेल टाकायचा, हे चालतं का?

जर्मनीत चालतं, आणि डीएएडी या स्कॉलरशिप देणाऱ्या जर्मन संस्थेच्या वाइज स्कॉलरशिपसाठी तर दुसरा रस्ताच नाही. ही स्कॉलरशिप भारतातल्या सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना उन्हाळ्यात दोन-तीन महिने जर्मनीत रिसर्च करायला मिळते, पण अर्ज भरताना तिथल्या प्रोफेसरचं इनव्हिटेशन लेटर तुमच्या हातात असावं लागतं. प्रोफेसर शोधून देणं डीएएडी करत नाही, तो तुम्हीच शोधायचा. फ्रान्सच्या शारपाक लॅब स्कॉलरशिपचंही साधारण असंच, आधी लॅबचा होकार आणि मग अर्ज.

सगळीकडे असं नाहीये हे मात्र लक्षात घ्या. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकमध्ये त्यांच्या पोर्टलवरच प्रोजेक्ट असतात, तिथूनच निवडायचे, प्रोफेसरला वेगळा मेल टाकून काही होत नाही. अमेरिकेत उन्हाळ्याचे जे आरईयू प्रोग्राम ऐकायला मिळतात, त्यांचा एनएसएफचा, म्हणजे तिथल्या सरकारी संस्थेचा, पैसा तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो, त्यामुळे अमेरिकन प्रोफेसरला मेलमध्ये "आरईयूमधून घ्या" असं लिहिलंत तर त्याला लगेच कळतं की तुम्ही वाचलेलं नाही.

मेल कधी पाठवायचा?

वाइजची डेडलाइन गेली बरीच वर्षं १ नोव्हेंबरच्या आसपास असते, त्या वर्षाची तारीख साइटवर बघून घ्या. तिथून उलटं मोजा. लेटर हातात यायला होकारानंतर एक-दोन आठवडे जातात, होकारापर्यंत दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेल गेलेले बरे. ऑगस्टमध्ये नको कारण अर्धं डिपार्टमेंट सुट्टीवर असतं आणि परत आल्यावर तुमचा मेल तीनशे मेलच्या खाली गेलेला असतो. ऑक्टोबरच्या मध्यात त्यांचं विंटर सेमिस्टरचं टीचिंग सुरू होतं, तेव्हाही कोणाला फुरसत नसते.

आणि "समर" म्हटल्यावर आपल्याला वाटतं की तिथेही मे-जूनला सुट्टी असेल, तसं नाहीये. जर्मनीचं समर सेमिस्टर एप्रिलला सुरू होतं आणि लेक्चर्स जुलैपर्यंत चालतात, म्हणजे मे ते जुलै प्रोफेसर आणि पीएचडीवाले सगळे जागेवर असतात. तुमच्यासाठी हे चांगलंच आहे.

वेळेचं म्हणाल तर सप्टेंबरमध्ये जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. आपल्याकडे दुपारी साडेबारा म्हणजे तिथे सकाळी नऊ. मंगळवार-बुधवारी त्या वेळेला पाठवा आणि पुढे जा, यात फार डोकं घालवू नका.

प्रोफेसर कसे शोधायचे आणि किती जणांना मेल करायचा?

मी स्वतः थर्ड इयरला असताना एकच मेल नाव बदलून साठ जणांना पाठवला होता आणि एकही उत्तर आलं नव्हतं. नंतर बारा जणांना वेगवेगळा लिहिला, त्यातून तिघांनी उत्तर दिलं. साठ चांगले मेल लिहायला कोणाकडेच वेळ नसतो, पंधरा-वीस जमतात, तेवढेच करा.

जर्मनीत डिपार्टमेंटपेक्षा इन्स्टिट्यूट किंवा लेअरश्टूल हा खरा घटक असतो, म्हणजे एक प्रोफेसर आणि त्याच्या हाताखाली पाच-पन्नास माणसं. त्याच्या वेबसाइटवर माणसांचं पान असतं, ते पूर्ण वाचा. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक, प्रोफेसर रिटायर तर नाही ना, कारण नावापुढे एमेरिटस असेल तर तो बहुतेक इंटर्न घेणार नाही आणि त्याचा जुना पेपर वाचून मेल टाकणारे पुष्कळ असतात. दुसरं, तुम्हाला आवडलेला पेपर प्रत्यक्षात कोणी लिहिलाय, म्हणजे पहिलं नाव कोणाचं आहे आणि ती व्यक्ती अजून ग्रुपमध्ये आहे का. असेल तर मेल प्रोफेसरलाच करा पण मजकुरात त्या पेपरचा उल्लेख करा, म्हणजे फॉरवर्ड कोणाला करायचा हे प्रोफेसरला आपोआप कळतं. एकाच इन्स्टिट्यूटमधल्या दोघांना एकाच दिवशी मेल टाकू नका, ती मंडळी दुपारी एकाच टेबलावर जेवतात.

मेलमध्ये आपले विषय, म्हणजे कोर्सवर्क, कसं लिहायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

नव्वद टक्के मेलमध्ये एक वाक्य असतं: मी थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, एम-थ्री, न्यूमरिकल मेथड्स, मशीन डिझाइन, मेकॅट्रॉनिक्स हे विषय चांगल्या मार्कांनी पूर्ण केले आहेत. हे वाक्य वाचून मला काहीच कळत नाही. जगातल्या प्रत्येक मेकॅनिकलवाल्याने हे विषय केलेले असतात. त्यात एम-थ्री म्हणजे काय हे भारताबाहेर कोणाला कळत नाही, त्या जागी "लाप्लास, फोरिए आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स" असं लिहिलंत तर कळतं. विषयाचा कोड तर कधीच लिहू नका.

वाचणाऱ्याच्या मनात खरा प्रश्न हा असतो की हा मुलगा आला तर पहिल्या आठवड्यात याला काय देऊ, आणि याला मुळापासून शिकवावं लागेल की दोन दिवसांत हात चालायला लागेल. कोर्सवर्कच्या वाक्याने याचं उत्तर द्यायचं. म्हणजे त्यांच्या कामाला लागणारे दोनच विषय, फार तर तीन, आणि प्रत्येकापुढे त्या विषयात तुम्ही हाताने काय केलं ते.

एका मुलीचं उदाहरण देतो, सांगलीकडच्या कॉलेजची, थर्ड इयर मेकॅनिकल. तिला अशा ग्रुपला लिहायचं होतं जो मेटल थ्रीडी प्रिंटिंगमधल्या उष्णतेचं सिम्युलेशन करतो, म्हणजे धातूच्या पावडरवर लेसर फिरतो, पावडर वितळते, आणि प्रत्येक क्षणी कुठे किती तापमान आहे ते कॉम्प्युटरवर काढायचं. तिच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये वरच्यासारखी आठ विषयांची माळ होती. मी फोनवर विचारलं की न्यूमरिकल मेथड्समध्ये तू स्वतः केलेलं एखादं काम सांग. ती म्हणाली, "दादा, एक असाइनमेंट होती, प्लेट गरम होते त्याचा पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, पण ती खास काही नाही, आणि ती आधी चुकली पण होती." मी म्हटलं चुकली कशी ते सांग.

तर झालं असं होतं की १०० मिमी बाय १०० मिमीची स्टीलची प्लेट, तिच्यावर ५ मिमीची ग्रिड आणि अर्ध्या सेकंदाची टाइम स्टेप, हे व्यवस्थित चाललं. मग उत्तर जास्त अचूक यावं म्हणून हिने ग्रिड १ मिमीची केली आणि टाइम स्टेप तशीच ठेवली. काही स्टेप्समध्ये तापमान एका ठिकाणी हजारो अंश आणि शेजारच्या चौकोनात उणे हजारो. दोन दिवस हिला वाटत होतं की कोडमध्ये टायपो आहे. मग पुस्तकात सापडलं की या साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत, म्हणजे आधीच्या स्टेपच्या तापमानांवरून पुढचं तापमान थेट काढायचं त्या पद्धतीत, दोन दिशांना समान ग्रिड असेल तर ही अट पाळावी लागते:

```
alpha * dt / dx^2 <= 1/4
```

इथे `dt` म्हणजे टाइम स्टेप, `dx` म्हणजे ग्रिडच्या एका चौकोनाची बाजू, आणि `alpha` म्हणजे धातूत उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा, साध्या स्टीलसाठी साधारण ०.००००१२ चौरस मीटर प्रति सेकंद. हिशोब केला तर ५ मिमीच्या ग्रिडला ०.५२ सेकंदांपर्यंत चालतं, म्हणजे तिची अर्ध्या सेकंदाची स्टेप कशीबशी बसत होती, पण १ मिमीला मर्यादा ०.०२ सेकंदांवर येते. ग्रिड पाचपट बारीक केली की टाइम स्टेप पंचवीसपट लहान करावी लागते.

आता हे त्या ग्रुपच्या कामाशी थेट जोडलं जातं बघा. लेसरचा ठिपका एक दशांश मिमीच्या आसपास असतो, म्हणजे तिथे ग्रिड काही मायक्रॉनपर्यंत न्यावी लागते, आणि मग टाइम स्टेप मायक्रोसेकंदांत जाते. त्यांचा अख्खा पेपर याच अडचणीतून वाट काढण्याबद्दल होता. जी गोष्ट तिला सांगायला लाज वाटत होती तीच मेलमधली सगळ्यात भक्कम ओळ झाली, कारण ती वाचून समोरच्याला कळतं की हिला ही अडचण स्वतःच्या हाताने माहितीये.

तुमच्याकडे असं काय आहे ते शोधायचं असेल तर त्या विषयाची लॅब जर्नल आणि असाइनमेंटचं फोल्डर उघडा, आणि जिथे तुमचे दोन दिवस गेले होते ती जागा शोधा.

अख्खा मेल कसा दिसतो, दाखवा ना.

वरच्या मुलीचा शेवटचा मेल देतो. मेल अर्थातच इंग्रजीत गेला, इथे मजकूर मराठीत सांगतोय म्हणजे कॉपी-पेस्ट करायचा मोह होणार नाही.

विषयाच्या ओळीत: समर रिसर्च इंटर्नशिप, मे ते जुलै, डीएएडी वाइज, लेसर पावडर बेडचं थर्मल सिम्युलेशन.

> डिअर प्रोफेसर (आडनाव),
>
> मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे (चार वर्षांची डिग्री, भारत). पुढच्या वर्षी मे ते जुलै असे दहा ते बारा आठवडे तुमच्या ग्रुपमध्ये रिसर्च इंटर्नशिप करता येईल का हे विचारायला लिहीत आहे. खर्चासाठी मी डीएएडी वाइज स्कॉलरशिपला अर्ज करणार आहे, त्यासाठी १ नोव्हेंबरच्या आधी तुमच्याकडून इनव्हिटेशन लेटर लागेल.
>
> लेसर पावडर बेडमधल्या तापमानावरचा तुमच्या ग्रुपचा पेपर मी वाचला. तुम्ही लेसरभोवतीच मेश बारीक करता. टाइम स्टेप मात्र पूर्ण भागासाठी एकच आहे की बारीक भागासाठी वेगळी, हे मला पेपरमधून कळलं नाही.
>
> हा प्रश्न मला पडला कारण न्यूमरिकल मेथड्सच्या कोर्समध्ये मी पायथनमध्ये द्विमितीय उष्णता वहनाचा सॉल्व्हर लिहिला होता, आणि ग्रिड ५ मिमीवरून १ मिमी केल्यावर तो अस्थिर झाला. टाइम स्टेप ०.०२ सेकंदांच्या खाली आणल्यावर उत्तर स्थिर झालं. हीट ट्रान्सफरच्या कोर्समध्ये कंडक्शन आणि रेडिएशन झालं आहे. फेज चेंज, म्हणजे वितळणं, मी अजून शिकलेली नाही, ते येण्याआधी वाचून घेईन.
>
> सीव्ही आणि मार्कांचा तक्ता एका पीडीएफमध्ये जोडला आहे (सीजीपीए १० पैकी ८.४, १० सर्वोच्च). तुमच्याकडे जागा नसेल तर तेवढं कळवलंत तरी मदत होईल.

एवढाच. स्क्रोल न करता वाचून होतो.

पहिल्या परिच्छेदात पैशाचं का लिहिलं, असं मला खूप जण विचारतात, लाज वाटते म्हणतात. प्रोफेसरचा पहिला विचार हाच असतो की याला पैसे कुठून द्यायचे. स्कॉलरशिपचं नाव आणि तारीख दिसली की त्याला कळतं की आपल्याकडून फक्त मार्गदर्शन आणि एक पत्र हवंय, आणि तो पुढे वाचतो. स्कॉलरशिप नसेल तर "तुमच्याकडे स्टायपेंडची काही सोय आहे का" असं एका वाक्यात सरळ विचारा.

"फेज चेंज शिकलेली नाही" हे वाक्य काढून टाक असं तिच्या मैत्रिणींनी सांगितलं होतं. मी ठेवायला लावलं. काय येत नाही हे जो सांगतो, त्याला काय येतं त्यावर विश्वास बसतो, आणि पहिल्या आठवड्यात काय वाचायला द्यायचं तेही ठरतं.

पेपर पूर्ण समजला नाही तर?

थर्ड इयरला पूर्ण समजत नाहीच, आणि तशी अपेक्षाही नसते. प्रस्तावना वाचा, आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी वाचा, शेवटचा भाग वाचा. मग तुमच्या विषयाला चिकटणारी एकच जागा पकडा आणि तिथेच प्रश्न विचारा. आणि "युवर ग्राउंडब्रेकिंग वर्क" वगैरे लिहू नका. पेपरचं पूर्ण शीर्षक मेलमध्ये चिकटवलं आणि बाकी मेलमध्ये त्या कामाबद्दल एक शब्द नाही, असे मेल तर रोज येतात.

हो, आणि चिकटवलेलं ओळखू येतं. वेबसाइटवरून नाव किंवा शीर्षक कॉपी केलं की त्याचा फॉन्ट आणि करडा बॅकग्राउंड सोबत येतो, तुमच्या फोनवर दिसत नाही पण माझ्या स्क्रीनवर "डिअर प्रोफेसर" एका फॉन्टात आणि आडनाव दुसऱ्यात दिसतं. जीमेलमध्ये `Ctrl+Shift+V` ने पेस्ट करा, आणि आधी स्वतःलाच मेल पाठवून लॅपटॉपवर उघडून बघा.

सुरुवात काय करायची? रिस्पेक्टेड सर?

नको. डिअर प्रोफेसर आणि आडनाव, बस. आपल्याकडे सर-मॅडम म्हणणं आदराचं असलं तरी तिकडे ते कॉल सेंटरसारखं वाटतं, आणि प्रोफेसर बाई असताना "डिअर सर" गेला की मेल तिथेच संपला. नावावरून बाई की माणूस कळत नसेल तर प्रोफेसर म्हटल्यावर तो प्रश्नच उरत नाही. जर्मनीत नावाआधी प्रोफेसर, डॉक्टर, इंजिनिअर अशी लांबलचक पदवी असते, ती सगळी लिहायची गरज नाही. फक्त पहिलं नाव आणि आडनाव यात गल्लत करू नका. इंग्रजीत लिहा, जर्मन भाषांतर करून पाठवू नका, नाहीतर उत्तर जर्मनमध्ये येईल.

सीजीपीए कमी आहे किंवा एटीकेटी लागलेली आहे. लिहू का?

सीजीपीए लिहिताना "१० पैकी" हे लिहायलाच पाहिजे, कारण जर्मनीत मार्कांची पट्टी उलटी आहे, १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. नुसतं "८.४" बघून त्यांना काहीच अर्थ लागत नाही. रूपांतराचं एक सूत्र आहे, त्यात आपली ८.४ (पासिंग ४ धरून) १.८ येते, पण मेलमध्ये स्वतः रूपांतर करून लिहू नका, मूळ आकडा आणि पट्टी द्या.

एटीकेटीबद्दल मेलमध्ये लिहायची गरज नाही पण मार्कांच्या तक्त्यात ती लपवायचीही नाही, तिथे दिसू दे. ज्या विषयावर तुम्ही मेल उभा केलाय त्याच विषयात एटीकेटी असेल तर मात्र एक वाक्य लिहा, की पहिल्यांदा राहिला होता, नंतर इतक्या मार्कांनी सोडवला. स्कॉलरशिपचे स्वतःचे मार्कांचे निकष वेगळे असतात, ते आधी बघून घ्या, नाहीतर प्रोफेसरचा होकार येऊनही अर्ज अडकतो.

तो विषय आमच्या सिलॅबसमध्येच नाही किंवा पुढच्या सेमिस्टरला आहे.

पुढच्या सेमला असेल तर तसंच लिहा, "जानेवारी ते मे या सेमिस्टरमध्ये घेत आहे". झालेल्या विषयांच्या यादीत त्याला घुसवू नका, कारण मार्कांचा तक्ता सोबत जोडलेला असतो आणि आम्ही तो बघतो. ऑनलाइन कोर्स केला असेल, एनपीटीईएलचा वगैरे, तर नुसतं सर्टिफिकेट सांगू नका, त्यातलं केलेलं एक काम सांगा. तिकडच्या बऱ्याच जणांना एनपीटीईएल माहितीच नसतं, "आयआयटींचे ऑनलाइन कोर्स" असं म्हटलं की कळतं.

अटॅचमेंट किती आणि कशा?

एकच पीडीएफ, आधी सीव्ही एक पान, फार तर दोन, आणि मग मार्कांचा तक्ता. फाइलचं नाव `CV_Surname.pdf` असं, `final_final2.pdf` नाही. मार्कशीटचे मोबाइलने काढलेले वाकडे फोटो आणि खाली स्कॅनर ॲपचा वॉटरमार्क, असं नको, कॉलेजच्या ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून नीट स्कॅन करून घ्या, वीस-तीस रुपयांचं काम आहे. दहावी-बारावीची मार्कशीट नको, शिफारसपत्रंही पहिल्या मेलला नकोत. कोड असेल तर सीव्हीमध्ये लिंक द्या, पण आधी तिथे दोन ओळींत लिहा की हा प्रोग्रॅम काय करतो आणि कसा चालवायचा.

उत्तरच येत नाही. किती दिवस थांबायचं?

दहा ते चौदा दिवस. मग त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी, "मागच्या मेलबद्दल विचारत होते, वाइजची मुदत १ नोव्हेंबर आहे." एकदाच. त्यानंतर पुढच्या प्रोफेसरकडे जा. लिंक्डइनवर मेसेज, मग फोन, मग सेक्रेटरीला मेल, हे करू नका.

लगेच जर्मनमध्ये काहीतरी आलं तर घाबरू नका, तो बहुतेक सुट्टीचा ऑटोमॅटिक रिप्लाय असतो. त्यात परत येण्याची तारीख असते, ती वहीत लिहा आणि त्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी परत लिहा. तोपर्यंतचे दिवस चौदामध्ये मोजू नका.

उत्तर आलं! आता?

चोवीस तासांत रिप्लाय द्या. बहुतेक वेळा उत्तर प्रोफेसरचं नसतं, पोस्टडॉक किंवा पीएचडीवाल्याचं असतं. त्याला कमी लेखू नका, तीन महिने रोज तोच तुमच्यासोबत बसणार आहे.

त्या मुलीला आठव्या दिवशी एका पोस्टडॉकचं उत्तर आलं. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं, की टाइम स्टेप एकच आहे आणि त्यांनी इम्प्लिसिट पद्धत, म्हणजे पुढच्या स्टेपची सगळी तापमानं एकत्र सोडवायची पद्धत, वापरलीये म्हणून तिच्यासारखी अस्थिरता येत नाही. मग एक छोटं काम होतं. रोझेंथालचं फिरत्या उष्णता-स्रोताचं सूत्र घे, त्यातून तापमान काढ, आणि ते कुठे चुकतं ते सांग, आठवडाभरात. परीक्षा पाहण्यापेक्षा ही मुलगी कसं काम करते ते बघायचं असतं. तिने आलेख काढला आणि लिहिलं की लेसरच्या अगदी मध्यबिंदूवर तापमान अनंत येतं, कारण सूत्रात उष्णता एका बिंदूतून येते असं धरलंय, खऱ्या लेसरला मात्र रुंदी असते. आणि वितळायला लागणारी उष्णता सूत्रात धरलेलीच नाही, त्यामुळे वितळलेल्या भागाजवळचे आकडेही भरवशाचे नाहीत. दीड पान. त्यानंतर वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. त्यात पंधरा मिनिटं त्या दीड पानावर बोलणं झालं आणि पाच मिनिटं तारखांवर.

कॉलमध्ये न कळलेला प्रश्न "परत सांगाल का" म्हणून विचारा, हो-हो करत बसू नका.

इनव्हिटेशन लेटर मिळालं की काय तपासायचं?

लेटरहेड आणि सही, तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, कामाचा विषय, सुपरव्हायझरचं नाव, आणि सुरुवातीची व शेवटची तारीख. त्या वर्षीच्या स्कॉलरशिपच्या सूचनांमध्ये लेटरबद्दल जे लिहिलंय ते प्रोफेसरला मेलमध्ये मुद्द्यांसकट पाठवा, त्यांना शोधायला लावू नका. तारखा ९० दिवसांच्या आत बसतात का तेही बघा, त्यापुढे गेलं की व्हिसाचा प्रकार बदलतो आणि अपॉइंटमेंटला जास्त वेळ लागतो.

आणि पैसे घेऊन लेटर मिळवून देतो म्हणणारे एजंट आता सुटलेत. प्रोफेसर लेटरसाठी पैसे घेत नाही. कोणी मागितले तर ते लेटर वापरू नका.

आमच्या युनिव्हर्सिटीची परीक्षा मे-जूनमध्ये असते आणि टाइमटेबल आलेलंच नसतं. मेलमध्ये काय तारीख लिहू?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचीच मुलं विचारतात आणि तो अगदी खरा आहे. सप्टेंबरमध्ये पुढच्या जूनचं टाइमटेबल कोणालाच माहीत नसतं. पहिल्या मेलमध्ये "मे ते जुलै, दहा ते बारा आठवडे" एवढं पुरे. कॉलच्या वेळी मात्र स्पष्ट सांगा की परीक्षा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत जाऊ शकते आणि सुरुवात पुढे ढकलायला चालेल का. जर्मन लोकांना तारीख बदलण्याचा त्रास होत नाही, शेवटच्या क्षणी कळण्याचा होतो. ऑगस्टमध्ये सुपरव्हायझर सुट्टीवर असेल का तेही तेव्हाच विचारा, नाहीतर शेवटचे तीन आठवडे तुम्ही रिकाम्या ऑफिसात बसाल. तारखा बदलल्या तर स्कॉलरशिपवाल्यांनाही लगेच लेखी कळवा.

त्या मुलीची परीक्षा शेवटी ९ जूनला संपली. लेटरवर १५ जून ते ३१ ऑगस्ट अशा तारखा होत्या, आणि पोस्टडॉकने ऑगस्टमधली स्वतःची दोन आठवड्यांची सुट्टी कॉलमध्येच सांगून ठेवली होती, त्या दोन आठवड्यांसाठी तिला आधीच रिपोर्ट लिहायचं काम दिलं होतं.